तीन, एक, चौसष्ट : नाटकातल्या ओळीला पत्ता कसा मिळाला?

 

समजा, तुम्ही पुण्यातल्या एखाद्या कॉलेजात एमए करताय आणि निबंधाचा विषय आहे हॅम्लेटची तीन रूपं. पहिलं शेक्सपिअरचं मूळ नाटक. दुसरं गोपाळ गणेश आगरकरांनी केलेलं त्याचं मराठी रूप, 'विकारविलसित'. आणि तिसरा विशाल भारद्वाजचा 'हैदर'. निबंध लिहून झाला, तिन्हींतली वाक्यं अवतरण म्हणून घेतली. आता प्रत्येक अवतरणाच्या पुढे कंसात काय लिहायचं?

पहिल्याला सगळे सांगतात, ३.१.६४ असं लिही. अंक तीन, प्रवेश एक, ओळ चौसष्ट. दुसऱ्याला पान नंबर टाक म्हणतात. तिसऱ्याला कुणी फक्त सिनेमाचं नाव लिहितं, कुणी नेटवर सापडलेल्या स्क्रिप्टची लिंक चिकटवतं. एकाच निबंधात तीन पद्धती, आणि तसं का, हे कुणीच सांगत नाही. आज ते 'का' बघू. कारण हे आकडे नाटककाराने दिलेले नाहीत. ते नंतरच्या लोकांनी दिले, काही ठिकाणी चक्क चुकीच्या जागी दिले, आणि तरीही आपण ते बदलत नाही.

सुरुवात १६२३ पासून करू. शेक्सपिअर १६१६ मध्ये गेला. त्यानंतर सात वर्षांनी त्याच्या नटमित्रांनी ३६ नाटकांचा एक मोठा ग्रंथ छापला, ज्याला 'फर्स्ट फोलिओ' म्हणतात. त्यात काही नाटकांना अंक आणि प्रवेश नीट पाडलेले आहेत, काहींना फक्त सुरुवातीला 'अंक पहिला, प्रवेश पहिला' असं लिहिलंय आणि पुढे काहीच नाही. हॅम्लेटचं तर मधेच सुटलंय. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशापर्यंत खुणा आहेत, मग शेवटपर्यंत सलग मजकूर. म्हणजे ज्याला आपण 'अंक तीन, प्रवेश एक' म्हणतो, तशी खूण फोलिओत नाहीच. त्याआधी स्वतंत्रपणे छापलेल्या हॅम्लेटच्या छोट्या प्रतींमध्ये तर अंक-प्रवेश अजिबात नाहीत.

मग हे आले कुठून? हळूहळू आले. १६७६ च्या एका आवृत्तीत हॅम्लेटचे उरलेले अंक पाडले गेले. १७०९ मध्ये निकोलस रो नावाच्या नाटककाराने शेक्सपिअरची सगळी नाटकं संपादित करून काढली, त्यात त्याने अंक-प्रवेशांची मांडणी बरीचशी पूर्ण केली आणि पात्रांच्या याद्याही दिल्या. आज आपण जी रचना शेक्सपिअरची म्हणून वाचतो, तिचा बराचसा सांगाडा त्या काळातल्या संपादकांचा आहे.

आता ती चुकीची जागा. तिसऱ्या अंकाच्या शेवटी हॅम्लेट आईच्या दालनात आहे, पोलोनियस मारला गेलाय. हॅम्लेट प्रेत ओढत बाहेर जातो आणि लगेच राजा आत येतो. राणी या सगळ्यात रंगमंचावरच आहे, ती कुठेच गेलेली नाही. प्रसंग सलग चालू आहे. पण हॅम्लेट गेल्यावर आणि राजा यायच्या आधी, बरोबर तिथेच, चौथा अंक सुरू होतो असं १६७६ च्या प्रतीत धरलं गेलं. म्हणजे एक बाई खोलीत उभी असताना तिच्या डोक्यावर अंकाचा पडदा पाडला! ही विभागणी काही बरी झालेली नाही, असं डॉ. सॅम्युअल जॉन्सननं १७६५ च्या आपल्या आवृत्तीत म्हटलं होतं. त्यानंतरच्या बहुतेक संपादकांना हे पटतं, तळटीपेत ते तसं लिहितातही. तरी पुस्तकात तिथे 'अंक चौथा' छापलेलं असतंच.

कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. एखाद्या फंक्शनला तुम्ही वाईट नाव दिलंत, पण ते बाहेरच्या शंभर प्रोग्रॅम्सनी वापरायला सुरुवात केली, की ते नाव बदलता येत नाही. हॅम्लेटचं तेच झालं. चौथ्या अंकाची सीमा सरकवली, तर त्यापुढच्या प्रसंगांचे नंबर बदलतील आणि आजवरच्या हजारो पुस्तकांतले संदर्भ भलत्याच जागी जातील. पत्ता सुंदर नसला तरी चालतो, तो हलता कामा नये.

तिसरा आकडा, म्हणजे ओळीचा, सगळ्यात उशिरा स्थिरावला. १८६४ मध्ये क्लार्क आणि राइट या केंब्रिजच्या दोन संपादकांनी एका खंडात सगळा शेक्सपिअर काढला, 'ग्लोब एडिशन'. त्यात ओळींना नंबर होते आणि पुस्तक स्वस्त होतं, त्यामुळे घरोघरी पोचलं. मग १८९४ मध्ये बार्टलेटने शेक्सपिअरच्या शब्दांची प्रचंड सूची छापली. कुठला शब्द कुठे आलाय ते त्यात बघायचं. तिच्यातले पत्ते ग्लोबच्या ओळींचे होते. एकदा सूची त्या नंबरांवर बांधली गेली, की अभ्यासकांना तेच नंबर सोयीचे झाले. म्हणजे पहिल्या फोलिओपासून या व्यवस्थेपर्यंत दोनशे चाळीस वर्षं गेली.

इतकं होऊनही ओळीचा आकडा पूर्ण पक्का नाही. निबंधात घोळ होतो तो नेमका इथे. हॅम्लेटचं सगळ्यात प्रसिद्ध स्वगत घ्या, जगावं की मरावं हा विचार करणारं. ग्लोबमध्ये ते ३.१.५६ ला सुरू होतं. अमेरिकेतल्या फोल्जर लायब्ररीच्या आवृत्तीत, जी नेटवर फुकट आहे आणि आपल्यातले बरेच जण फोनवर तीच वाचतात, तेच स्वगत ३.१.६४ ला सुरू होतं. नाटक तेच, शब्द तेच, फरक आठ ओळींचा.

याचं कारण मोजण्यात आहे. शेक्सपिअर बऱ्याचदा एकच पद्याची ओळ दोन पात्रांत वाटतो. अर्धी एक बोलतो, उरलेली अर्धी दुसरा पुरी करतो. काही संपादक ती एक ओळ धरतात, कारण छंदात ती एकच आहे. फोल्जर छापलेला प्रत्येक तुकडा वेगळी ओळ म्हणून मोजते. गद्य संवादात आणखी एक भानगड आहे. पद्याची ओळ कवीने तोडलेली असते, पण गद्याची ओळ पानाची रुंदी तोडते. पान अरुंद असेल तर ओळी जास्त होणार. त्यामुळे हॅम्लेट वेड्याचं सोंग घेऊन गद्यात बडबडतो तिथे वेगवेगळ्या आवृत्त्यांचे आकडे आणखी लांब जातात.

म्हणून नियम सोपा आहे : कंसात अंक, प्रवेश, ओळ द्या, आणि निबंधाच्या शेवटच्या ग्रंथसूचीत कुठली आवृत्ती वापरली ते संपादकाच्या नावासकट लिहा. आवृत्ती नसेल तर ६४ हा नुसता आकडा आहे. आणि दुसऱ्या लेखकाच्या पुस्तकातून आकडा उचलू नका. त्याने ५६ लिहिलंय, तुमच्या सूचीत फोल्जर आहे, तर परीक्षक फोल्जर उघडून ५६ व्या ओळीवर जाणार आणि तिथे त्याला ते स्वगत मिळणारच नाही. हा घोळ ओळखायचीही युक्ती आहे. तुमच्या निबंधातले दोन-तीन संदर्भ स्वतःच्या प्रतीत उघडून बघा. सगळे जवळपास सारख्याच अंतराने चुकत असतील, तर ते दुसऱ्या आवृत्तीतून आलेत हे नक्की. जुन्या पुस्तकांत अंक-प्रवेश रोमन आकड्यांत असतात, आता साधे आकडे आणि मधे टिंब एवढंच पुरतं.

इथून आपल्या गावात येऊ. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात टिळक आणि आगरकरांना शिक्षा झाली आणि ते मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. त्या कोठडीत आगरकरांनी हॅम्लेटच्या मराठी रूपांतराचं काम केलं. तेच 'विकारविलसित', १८८३ मध्ये ते पुस्तक म्हणून आलं. डेन्मार्कचा राजपुत्र तिथे चंद्रसेन झाला. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशींनी ही भूमिका अशी गाजवली, की मराठी माणसाला हॅम्लेट म्हटलं की गणपतराव आठवायचे.

आता याचा संदर्भ कसा द्यायचा? इथे अंक आणि प्रवेश आहेत, पण ओळींचे नंबर नाहीत. मराठी नाटकांना ते जवळजवळ कुणीच दिलेले नाहीत. काही विद्यार्थी अशा वेळी स्वतःच ओळी मोजतात. ते करू नका, कारण गद्यात ती मोजणी फक्त तुमच्या हातातल्या प्रतीपुरती खरी असते. गद्य नाटकाला जगभर जी पद्धत वापरतात तीच इथे वापरायची : आधी पान, मग अर्धविराम, मग अंक आणि प्रवेश. नमुन्यादाखल, (आगरकर ८५; अंक ३, प्रवेश १). पानामुळे तुमच्याच आवृत्तीतली जागा लगेच सापडते. आणि वाचणाऱ्याकडे दुसरी आवृत्ती असेल, तर अंक-प्रवेशामुळे तो निदान त्या प्रसंगापर्यंत पोचतो.

पानाच्या बाबतीत फोनवर वाचणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. जुनी नाटकं आपण स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये वाचतो. पीडीएफचं ॲप वर '१०३' दाखवतं, पण त्या पानावर छापलेला आकडा ८५ असतो. कारण मुखपृष्ठ, प्रस्तावना, पात्रांची यादी ही पानं ॲप मोजतं, पुस्तक मोजत नाही किंवा वेगळी मोजतं. निबंधात नेहमी छापलेला आकडा द्यायचा. ॲपचा आकडा स्कॅन करणाऱ्याने दोन कोरी पानं जास्त घेतली तरी बदलतो.

सगळ्याच मराठी नाटकांना प्रवेशही नसतात. 'घाशीराम कोतवाल' घ्या. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात त्याचा पहिला प्रयोग झाला. तेंडुलकरांनी ते दोन अंकांत लिहिलं, आणि आत माणसांची भिंत, गाणं, नाच यांतून एक प्रसंग दुसऱ्यात वितळत जातो. तिथे 'प्रवेश चौथा' असं लिहायचा प्रयत्न केला, तर तुम्ही तेच करताय जे १६७६ मध्ये हॅम्लेटला केलं. नाटककाराने पाडलेले नाहीत ते तुकडे तुम्ही पाडताय. तिथे पान आणि अंक एवढंच द्या. फार तर वाक्यात सांगा, की हा कुठला प्रसंग आहे.

गंमत म्हणजे आपल्याकडे याहून जुनी आणि चांगली पद्धत होती. संस्कृत नाटकात गद्य आणि श्लोक मिसळलेले असतात. श्लोकांना प्रत्येक अंकात एकपासून नंबर देतात आणि संदर्भ अंक-श्लोक असा देतात, म्हणजे 'शाकुंतल ४.६'. मधलं गद्य वाक्य हवं असेल, तर 'चौथ्या अंकात सहाव्या श्लोकानंतर' असं म्हणायचं. श्लोक हे खांब, गद्य त्यांच्यामधलं अंतर. पानाच्या रुंदीचा यात काही संबंधच येत नाही. अर्थात अडचण इथेही आहे. शाकुंतलाचे वेगवेगळे पाठ आहेत, बंगाली पाठात देवनागरी पाठापेक्षा श्लोक जास्त आहेत, त्यामुळे एकच श्लोक दोन ठिकाणी दोन नंबरांनी सापडतो. म्हणजे पुन्हा आवृत्ती सांगणं आलंच. मराठीतल्या संगीत नाटकांनाही ही युक्ती चालते. गद्य संवाद कुठल्या पदाच्या आधी किंवा नंतर आहे ते सांगितलं, की कुठल्याही प्रतीत तो शोधता येतो.

आता तिसरं रूप, 'हैदर'. २०१४ चा सिनेमा, पटकथा विशाल भारद्वाज आणि बशारत पीर यांची. इथे पहिला प्रश्न पत्त्याचा नाही, वस्तूचा आहे. तुम्ही नेमकं काय उद्धृत करताय, पडद्यावर ऐकलेलं वाक्य की कागदावर छापलेलं?

'स्क्रिप्ट' हा शब्द आपण तीन-चार वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक, शूटिंगच्या आधी लिहिलेली. तिच्यातलं सगळं सिनेमात येतंच असं नाही, नट सेटवर वाक्य बदलतात, एडिटिंगमध्ये प्रसंग उडतात. दोन, सिनेमा झाल्यावर पुस्तक म्हणून छापलेली. तीन, तयार सिनेमा बघून उलट कागदावर उतरवलेली. श्याम बेनेगलांच्या 'मंथन'ची पटकथा तेंडुलकरांची. १९८४ मध्ये ती कलकत्त्याच्या सीगल प्रकाशनाने इंग्रजीत पुस्तक म्हणून काढली, तेव्हा शमीक बंदोपाध्याय यांनी ती पुनर्रचित आणि अनुवादित केली होती, आणि पुस्तकावर तसं स्पष्ट म्हटलंय. चार, नेटवर कुणा चाहत्याने सबटायटलवरून टाइप केलेली. ही चौथी निबंधात पुरावा म्हणून वापरू नका. सबटायटल जागेअभावी वाक्य छोटं करतात, आणि मग तुम्ही ज्या शब्दावर परिच्छेदभर लिहिलंय, तो शब्द सिनेमात नसतोच.

'हैदर'ची पटकथा हार्परकॉलिन्सने २०१४ मध्येच इंग्रजी भाषांतरासकट पुस्तकरूपात काढली. त्यातलं वाक्य घेतलं तर पान नंबर द्या. पडद्यावरचं घेतलं तर वेळ द्या, तास, मिनिट, सेकंद : (हैदर ०१:२०:१५–४०), हा आकडा फक्त नमुना आहे. लाल चौकातलं हैदरचं भाषण घ्या. तिथे अर्थ फक्त शब्दांत नाही, नटाच्या आवाजात आणि गर्दीच्या चेहऱ्यांतही आहे. तुमचा मुद्दा अभिनयावर असेल आणि तुम्ही पुस्तकाचं पान दिलंत, तर त्या पानावर तो अभिनय नाहीये. आणि पुस्तक आणि पडदा यांत वाक्य वेगळं सापडलं तर घाबरू नका. दोन्ही संदर्भ द्या. तो फरकच कदाचित तुमच्या निबंधातला सगळ्यात चांगला मुद्दा असेल.

सिनेमाच्या वेळेलाही ग्लोब आणि फोल्जरसारखीच अडचण आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सनी शूट होतो. पण भारत आणि युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो बऱ्याचदा २५ फ्रेम्सनी चालवतात. हिशोब करून बघा. १०० मिनिटांत २४ च्या वेगाने १,४४,००० फ्रेम्स होतात. त्याच फ्रेम्स २५ ने चालवल्या तर ९६ मिनिटांत संपतात. म्हणजे एका प्रतीत १ तास ४० मिनिटांवर असलेला प्रसंग दुसरीत १ तास ३६ वर येतो. शिवाय सुरुवातीचं प्रमाणपत्र, लोगो, कापलेले प्रसंग यांनी काही सेकंद इकडेतिकडे होतात. म्हणून ग्रंथसूचीत डीव्हीडी की कुठलं ॲप, तेही लिहायचं. चूक कुठली आहे तेही ओळखता येतं. सुरुवातीचे संदर्भ थोडे चुकतात आणि शेवटचे जास्त, असं असेल तर वेगाचा फरक. सगळे सारखेच चुकत असतील तर सुरुवातीला काहीतरी जास्त किंवा कमी आहे.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. हॉलिवुडच्या पद्धतीत शूटिंग स्क्रिप्टमधल्या सीनना एकदा नंबर दिले, की ते 'लॉक' करतात. नंतर ४२ आणि ४३ च्या मधे नवीन सीन आला तर त्याला ४२-ए म्हणतात. ४२ काढून टाकला तर त्या जागी 'वगळला' एवढं लिहून नंबर तसाच ठेवतात. कारण कॅमेरावाले, कपडेवाले, साउंडवाले सगळ्यांच्या याद्या त्या नंबरांवर चालतात. हॅम्लेटचा चौथा अंक चुकीच्या जागी असून हलवत नाहीत, त्यामागे हेच तर कारण होतं. मात्र सीन नंबर तुमच्याकडे खरंच शूटिंग स्क्रिप्ट असेल तरच द्या, आणि तिच्यावरची तारीखही द्या, कारण एकाच सिनेमाचे अनेक खर्डे असतात.

तर आपला निबंध आता असा दिसेल. मूळ हॅम्लेटला (३.१.६४), सूचीत फोल्जर आवृत्ती. आगरकरांना छापील पान, मग अंक आणि प्रवेश, सूचीत आवृत्तीचं वर्ष. 'हैदर'ला जे ऐकलं त्याची वेळ, जे वाचलं त्याचं पान, सूचीत दोन वेगळ्या नोंदी. तिन्ही कंस वेगळे दिसतात, पण तिन्हींतून एकच गोष्ट साधायची आहे. तुमच्याशी न पटणाऱ्या माणसालाही ते वाक्य पाच मिनिटांत उघडून बघता आलं पाहिजे.

हे मराठीसाठी जास्त महत्त्वाचं आहे. हॅम्लेटची ओळ चुकीच्या नंबराने दिली तरी वाचणारा शोध घेऊन ती गाठतो, कारण शब्दाशब्दाच्या सूची तयार आहेत. चंद्रसेनाचं वाक्य पत्त्याशिवाय दिलंत, तर ते शोधायला त्याला दुसरा रस्ताच नाही. मग तुमचा मुद्दा बरोबर असला तरी तो तपासायची सोय कुणाकडे राहत नाही.

तुमच्याकडे एखाद्या मराठी नाटकाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या असतील, तर एकाच वाक्याची दोन्हींतली पानं आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.